केळीच्या बागेतला सँड फिल्टर: उजेडाची दिशा जुळवण्याच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी

ठिबक सिंचनाचे फिल्टर बनवणाऱ्या जळगावच्या एका कारखान्याच्या माहितीपत्रकाचे काम हाती घेतले आहे. मुखपृष्ठावर निळ्या रंगाचा सँड फिल्टर केळीच्या बागेच्या कडेला उभा दिसावा, अशी मालकांची अपेक्षा आहे. फिल्टर प्रत्यक्ष बागेत नेणे त्यांना सोयीचे नाही. त्यामुळे बागेचे छायाचित्र वेगळे घ्यायचे, फिल्टरचे वेगळे घ्यायचे आणि दोन्ही एकत्र करायचे, असे ठरले आहे.

बागेचे छायाचित्र आज सकाळी नऊच्या सुमारास रावेर तालुक्यात घेतले. कॅमेरा ईशान्येकडे तोंड करून छातीच्या उंचीवर ठेवला होता. फ्रेममध्ये डावीकडे केळीची रांग, मध्ये मोकळी काळी जमीन, तिच्यावरून गेलेली ठिबकची नळी आणि मागे तारेच्या कुंपणाचे सिमेंटचे खांब आहेत. आकाश निरभ्र होते आणि सावल्या स्पष्ट पडल्या होत्या. फिल्टरचे छायाचित्र कारखान्याकडे आधीचेच आहे. ते पत्र्याच्या शेडमध्ये, डावीकडचा मोठा दरवाजा उघडा ठेवून घेतलेले आहे.

१९ जानेवारी

कारखान्याने दिलेला फिल्टर काळजीपूर्वक कापून बागेच्या चित्रात ठेवला. कडा स्वच्छ केल्या, रंगाचे तापमान जुळवले, एकूण उजळपणा आणि गडदपणाही जुळवला आणि पायाखाली एक मऊ काळपट सावली दिली. तांत्रिकदृष्ट्या कापणीत काही उणे नव्हते. तरीही मालकांनी मसुदा पाहताच म्हटले, "भाऊ, हाई चिटकाडेल दिखी ऱ्हायनं." काय खटकते ते मात्र त्यांना सांगता आले नाही. त्यांनी आधी रंगावर, मग आकारावर आणि शेवटी कडांवर शंका घेतली.

असे होणे स्वाभाविक आहे. ओस्ट्रोव्हस्की, कॅव्हनॉ आणि सिन्हा या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, एखाद्या दृश्यातील एकाच वस्तूवर वेगळ्या दिशेने उजेड पडलेला असेल, तर ती विसंगती नेमकी हेरणे माणसाच्या डोळ्याला बरेच अवघड जाते. माझ्या मते ग्राहकाच्या तक्रारीचा उलगडा यातच आहे. चित्र कुठेतरी बिनसले आहे एवढे जाणवते, पण बोट भलत्याच गोष्टीवर ठेवले जाते. म्हणून अशा तक्रारीवर कडा अधिक मऊ करणे किंवा रंगाशी झटत राहणे हा उपाय नव्हे. आधी दोन्ही चित्रांतील उजेड कुठून येतो ते मोजले पाहिजे.

२० जानेवारी

आजचा दिवस मोजणीला दिला. बागेच्या चित्रात सूर्य दिसत नाही, पण सावल्यांवरून त्याची जागा काढता येते. वस्तूचे टोक आणि तिच्या सावलीचे टोक यांना जोडणारी रेघ म्हणजे प्रत्यक्ष सूर्यकिरणाचाच मार्ग असतो. चित्रातील तीन-चार वस्तूंसाठी अशा रेघा ओढल्या, तर त्या सगळ्या चित्रातील सूर्याच्या स्थानाकडे, म्हणजे एकाच बिंदूकडे जातात, मग तो बिंदू फ्रेमच्या कितीही बाहेर असो. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे असेल, तर त्या सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेच्या बिंदूपाशी मिळतात. एरिक की, जेम्स ओब्रायन आणि हनी फरीद यांनी २०१३ मध्ये बनावट छायाचित्रे ओळखण्यासाठी मांडलेल्या पद्धतीचा पाया हाच आहे. बनावट पकडण्यासाठी वापरली जाणारी भूमिती जोडकाम करणाऱ्यानेही आधीच तपासून घ्यावी, हे मला योग्य वाटते.

कुंपणाच्या खांबांवर आणि केळीला टेकू दिलेल्या बांबूंवर रेघा ओढल्या. त्या जवळजवळ समांतर निघाल्या आणि उजवीकडे वर जाताना दिसल्या. रेघा समांतर असण्याचा अर्थ सूर्य कॅमेऱ्याच्या नजरेच्या दिशेपासून बराच बाजूला, जवळपास काटकोनात होता. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. बांबू तिरके रोवलेले असतात. त्यांच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतची रेघ बरोबरच येते, कारण किरणाला बांबूच्या कलण्याशी देणेघेणे नसते. मात्र उंची आणि सावलीची लांबी यांचे गुणोत्तर काढायचे असेल, तर तिरक्या वस्तूवरून उत्तर चुकते. त्यासाठी सरळ उभे सिमेंटचे खांबच घेतले.

खांबांची सावली त्यांच्या उंचीच्या २.४ पटीच्या आसपास भरली. सावली चित्राच्या प्रतलाला जवळपास समांतर पडली असल्यामुळेच ही मोजणी थेट चित्रावर करता आली. सावली कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून दूर पडली असती, तर ती दृष्टिकोनामुळे आखूड दिसली असती आणि हे गुणोत्तर निरर्थक ठरले असते. उंची भागिले सावली ही सूर्याच्या उन्नतांशाची टॅन्जन्ट असते. १ ला २.४ ने भागल्यास सुमारे ०.४२ येतात आणि तो कोन २२ ते २३ अंशांचा होतो. जानेवारीच्या मध्यावर रावेरच्या अक्षांशावर सकाळी नऊला सूर्य साधारण एवढाच वर आणि आग्नेयेला असतो. मोजणी आणि घड्याळ यांचा मेळ बसला, त्यामुळे या आकड्यावर पुढचे काम उभे करण्यास हरकत नाही.

थोडक्यात बागेतील स्थिती अशी आहे: उजेड उजवीकडून, कॅमेऱ्याच्या नजरेपासून सुमारे ८० अंशांवरून, २२ ते २३ अंश उंचीवरून येतो आणि तो थेट उन्हाचा, म्हणजे कडक आहे. शेडमधल्या फिल्टरवर पडलेला उजेड डावीकडून, रुंद दरवाजातून, पसरट आणि मऊ आलेला आहे. दिशा, उंची आणि कडकपणा यांपैकी एकही गोष्ट जुळत नाही.

२१ जानेवारी

नवे छायाचित्र घेण्यापूर्वी जुन्यावर काही करता येते का, हे पाहणे मालकांच्या खर्चाच्या दृष्टीने आवश्यक होते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फिल्टर आरशातल्याप्रमाणे उलटवणे. त्याने उजेड उजवीकडून आल्यासारखा होतो खरा, पण टाकीवरची अक्षरे उलटी होतात. ती दुरुस्त करता येतील, पण पाणी आत घेणारी आणि बाहेर सोडणारी तोंडेही आपल्या जागा बदलतात. माहितीपत्रक पाहून जोडणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चुकीचे चित्र ठरेल. शिवाय उलटवल्याने उजेडाचा मऊपणा जात नाही, तो केवळ दुसऱ्या बाजूला जातो.

दुसरा मार्ग म्हणजे जुन्या उजेडावर नवा उजेड रंगवणे. टाकीच्या डाव्या भागावर गडद आणि उजव्या भागावर उजळ असा हळूहळू बदलणारा थर चढवला. गुळगुळीत पृष्ठभागावर हा उपाय लांबून बऱ्यापैकी पटतो. चित्र मोठे करून पाहिले की तो उघडा पडतो. टाकीच्या झाकणाखाली नट-बोल्टची गोल कडी आहे. शेडमधल्या उजेडात प्रत्येक बोल्टची डावी बाजू उजळ आहे आणि उजवीकडे कड्यावर त्याची बारीक सावली पडलेली आहे. वेल्डिंगची उभी रेघ घ्या, प्रेशर गेजची चकती घ्या किंवा व्हॉल्व्हचा दांडा घ्या, सगळीकडे तेच. वरून चढवलेला थर मोठा आकार बदलतो, पण या लहान सावल्या जुन्याच दिशेला राहतात. परिणामी टाकी सांगते ऊन उजवीकडून आहे आणि तिच्यावरचा प्रत्येक बोल्ट सांगतो डावीकडून. एकेक बोल्ट हाताने पुन्हा रंगवणे शक्य आहे, पण त्यात जाणाऱ्या वेळेत फिल्टर अंगणात आणून नवे छायाचित्र घेणे सहज होते. मालकांना मोठे केलेले बोल्ट दाखवले, तेव्हा त्यांना ते लगेच पटले.

डब्यासारख्या साध्या, गुळगुळीत वस्तूचे जोडकाम असते, तर मी रंगवण्याचा मार्ग सोडला नसता. वस्तूवर जितके उंचवटे, जोड आणि खाचा अधिक, तितका तो मार्ग कमी उपयोगी, असे माझे मत या कामाने पक्के झाले आहे.

२३ जानेवारी

कारखान्याच्या अंगणात फिल्टरचे नवे छायाचित्र घेतले. सकाळी नऊचेच ऊन हवे असे नाही. सूर्याची उंची तीच असेल आणि कॅमेऱ्याच्या तुलनेत तो त्याच बाजूला असेल, तर दुपारनंतरचे ऊनही तेवढेच चालते. म्हणून दुपारी चारनंतरची वेळ धरली. त्या वेळी सूर्य नैर्ऋत्येकडे असतो. तो कॅमेऱ्याच्या उजवीकडे ८० अंशांवर यावा म्हणून कॅमेऱ्याचे तोंड दक्षिण-आग्नेयेकडे केले आणि फिल्टर हातगाडीवर फिरवून त्याची दर्शनी बाजू कॅमेऱ्यासमोर आणली. कॅमेऱ्याची उंची, लेन्स आणि फिल्टरपर्यंतचे अंतर बागेतल्या नियोजनाप्रमाणेच ठेवले, कारण उजेड जुळूनही नजरेची उंची वेगळी असेल, तर वस्तू जमिनीवर टेकलेली वाटत नाही.

घड्याळावर अवलंबून न राहता एक मीटर लांबीचा पाइप ओळंब्याने सरळ उभा केला आणि त्याची सावली २.४ मीटरवर पोहोचण्याची वाट पाहिली. सव्वाचारनंतर थोड्याच वेळात ती तेथे आली. या वेळी सूर्य वेगाने उतरत असतो. पुढच्या दहा मिनिटांत तीच सावली २.६ मीटरच्या पुढे जाते. त्यामुळे चौकट, फोकस आणि एक्स्पोजर आधीच ठरवून ठेवणे गरजेचे होते.

अंगण सिमेंटचे आणि फिकट आहे. उन्हात ते खूप उजेड परत फेकते आणि फिल्टरचा खालचा, सावलीतला भाग उजळतो. बागेतली जमीन काळी आहे, ती एवढा उजेड परत देत नाही. म्हणून फिल्टरभोवती काळी ताडपत्री अंथरली. ताडपत्री अंथरताच टाकीच्या पोटाखालचा भाग किती खाली उतरला, हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्पष्ट दिसले. सूर्य हा मुख्य उजेड असला, तरी सावलीतल्या बाजूचे रूप आकाश आणि जमीन ठरवतात, आणि जोडकामात बहुधा हीच बाजू दुर्लक्षित राहते.

यानंतर कॅमेरा जागचा न हलवता ताडपत्री काढून आणखी एक छायाचित्र घेतले. यातील फिल्टर वापरायचा नाही, फक्त फिकट सिमेंटवर पडलेल्या त्याच्या सावलीचा आकार वापरायचा आहे. त्याचे कारण पुढच्या नोंदीत येईल.

२४ जानेवारी

नवा फिल्टर कापून बागेत ठेवला आणि उजेड खरोखर जुळला का, हे टाकीच्या गोलाईवर तपासले. उभ्या गोल टाकीवर ऊन आणि सावली यांची सीमारेषा कुठे पडते, हे गणिताने सांगता येते. सूर्य कॅमेऱ्याच्या नजरेपासून ८० अंशांवर असेल, तर ही सीमा टाकीच्या मध्यरेषेपासून दहा अंश उजवीकडे असते. चित्रात ती मध्यरेषेपासून त्रिज्येच्या सुमारे १७ टक्के उजवीकडे दिसली पाहिजे. मोजली तर ती तेथेच आहे. झाकणाच्या घुमटावरची चमकही उजव्या कडेच्या बाजूला आली आहे. शेडमधल्या जुन्या चित्रात अशी ठळक सीमाच नव्हती, उजळ भाग डावीकडून उजवीकडे हळूहळू विरत गेला होता.

आता सावलीविषयी. जोडकामात सर्रास वापरली जाणारी युक्ती अशी की, कापलेल्या वस्तूचीच प्रत काढून ती काळी करायची, आडवी पाडायची आणि तिरकी ताणायची. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी असेल, तर ही युक्ती बऱ्याच अंशी चालते. येथे ती मुळीच चालत नाही, कारण सावलीचा आकार म्हणजे सूर्याच्या जागेवरून दिसणारी वस्तूची बाह्यरेषा असते, कॅमेऱ्याला दिसणारी नव्हे. या फिल्टरचे पाइप कॅमेऱ्याला टाकीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले दिसतात. सूर्य मात्र त्यांच्याकडे जवळजवळ टोकाकडून पाहतो, त्यामुळे सावलीत ते टाकीच्या आकारातच मिसळून जातात. उलट पुढे आलेला व्हॉल्व्हचा दांडा कॅमेऱ्याला आखूड दिसतो आणि सावलीत पूर्ण लांबीने उमटतो. प्रत आडवी पाडली असती, तर पसरलेल्या पाइपांची अशी सावली पडली असती, जी त्या उन्हात पडूच शकत नाही. म्हणूनच सिमेंटवरची खरी सावली टिपून ठेवली होती. तिचा आकार आज मास्क म्हणून, म्हणजे थर कुठे दिसावा हे ठरवणारा साचा म्हणून काढून घेतला.

२५ जानेवारी

सावलीचा रंग आणि कड यांवर काम केले. सावली काळी नसते. तिच्यात थेट ऊन पोहोचत नाही, पण आकाशाचा निळसर उजेड पोहोचतो. किती, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही, कारण त्याच चित्रात कुंपणाच्या खांबाची सावली त्याच मातीवर पडलेली आहे. उन्हातल्या मातीचे लाल, हिरवा आणि निळा असे आकडे १५०, ११८, ९२ आले. त्याच मातीच्या सावलीतल्या भागाचे आकडे ६२, ५४, ५० आले. लाल ०.४१ पट झाला, हिरवा ०.४६ पट आणि निळा ०.५४ पट. मल्टिप्लाय प्रकारच्या थरात सावलीचा रंग हाच गुणक असतो, म्हणून प्रत्येक गुणोत्तराला २५५ ने गुणून थराचा रंग १०५, ११७, १३९ असा निळसर करडा ठेवला. थराची पारदर्शकता वेगळी चाळवावी लागली नाही. नवी सावली खांबाच्या सावलीशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दोन्हींत फरक दिसला नाही.

कड सगळीकडे सारखी मऊ करणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. सूर्य बिंदू नाही. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे सावली पाडणारा भाग जमिनीपासून जितका दूर, तितकी सावलीची कड पसरते, आणि हा पसारा किरणाने कापलेल्या अंतराच्या साधारण शंभराव्या भागाएवढा असतो. फिल्टरची उंची १.२ मीटर आहे. त्याची सावली २.९ मीटर लांब पडते आणि टोकापाशी किरणाने तीन मीटरहून थोडे अधिक अंतर कापलेले असते. म्हणजे तेथे बाजूची कड सुमारे तीन सेंटिमीटर पसरली पाहिजे, आणि अगदी शेवटची कड, ऊन तिरके असल्याने, त्याहून दुपटीपेक्षा अधिक. पायांपाशी मात्र ती कापल्यासारखी रेखीव हवी. मास्कवर पायापासून टोकाकडे वाढत जाणारा अस्पष्टपणा दिला.

दोन बारकावे राहिले होते. फिल्टरची सावली एके ठिकाणी केळीच्या पानाच्या सावलीवरून जाते. मल्टिप्लायमुळे तेथे माती दुप्पट काळी झाली होती. सूर्य एकदा झाकला गेला की दुसऱ्यांदा झाकता येत नाही, म्हणून त्या भागातून नवी सावली मास्कने वगळली. दुसरे असे की, बागेतली जमीन सिमेंटसारखी सपाट नाही. मातीच्या उंचवट्याच्या सूर्याकडच्या उतारावर सावली आखूड होते आणि पलीकडच्या उतारावर लांबते, तर ठिबकच्या नळीवरून जाताना तिला बारीकसा बाक येतो. हे बदल हाताने केले. एकट्या नळीवरच्या त्या बाकाने सावली जमिनीला जितकी बांधली गेली, तितकी इतर कशानेही नाही.

२७ जानेवारी

तिन्ही पायांच्या तळाशी एक अरुंद गडद रेघ दिली. पाय जेथे मातीला टेकतो, तेथे ऊन तर नसतेच, पण आकाशाचा उजेडही पोहोचत नाही, त्यामुळे ही जागा उरलेल्या सावलीपेक्षाही गडद असते. ही रेघ पायाच्या जाडीपेक्षा रुंद केली, तर वस्तू पुन्हा तरंगू लागते. पायांवर थोडी मातीही चढवली.

व्हॉल्व्हच्या चकाकत्या दांड्यात कारखान्याची भिंत उमटली होती. तेथे बागेच्या चित्रातले हिरवे आणि मातकट पट्टे बसवले. त्यानंतर चित्र कृष्णधवल करून, मग लहान करून आणि शेवटी आडवे उलटवून पाहिले. रंग काढून टाकल्यावर उजेडातली विसंगती अधिक सहज दिसते, असा माझा अनुभव आहे. फिल्टरच्या घुमटावरचे टोक आणि सावलीतले त्याचे टोक यांना जोडणारी रेघ खांबांच्या रेघांना समांतर आहे, हेही पुन्हा तपासले.

मालकांनी चित्र मंजूर केले. त्यांनी या वेळी रंगाचा किंवा कडांचा विषय काढला नाही. फिल्टरवरचे नाव थोडे मोठे दिसावे, एवढीच सूचना केली.

२८ जानेवारी

मालकांना हाच कापलेला फिल्टर मे महिन्यात बागायती कापसाच्या लागवडीच्या जाहिरातीतही वापरायचा आहे. त्यांना आजच नकार कळवला आणि कारणही सांगितले. मेच्या अखेरीस जळगावात मध्यान्हीचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच राहते. त्या उन्हात घुमट उजळतो, टाकीच्या उभ्या बाजूवर ऊन चाटून जाते आणि झाकणाच्या कड्याची सावली टाकीवर खाली उतरते. जानेवारीतल्या तिरक्या उन्हाने घडवलेली टाकी त्या शेतात बसणार नाही. शेताचे चित्र सकाळी आठच्या आत घेतले, तर सूर्य पुन्हा २२-२३ अंशांवर मिळू शकेल, पण मेमध्ये तो त्या वेळी पूर्वेच्याही किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे कॅमेऱ्याची दिशा त्याप्रमाणे बदलावी लागेल. मालकांना दुपारचे भगभगीत ऊनच हवे असेल, तर फिल्टर मेमध्ये साडेबाराच्या सुमारास पुन्हा अंगणात काढायचा, असे ठरले आहे.